तेल संपतं आणि मेयोनीज उरतं

मिरज

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तेल ऐन वेळी संपतं आणि मागच्या फळीवर भलताच माल धूळ खात पडतो, असं लिहिलंस. दोन्हीचं मूळ एकच आहे. माल अंदाजाने मागवला जातो, आणि तो अंदाज बहुधा सेल्समनचा असतो.

आधी तेल घे. आठवड्यात एक लिटरच्या ४० पिशव्या गेल्या म्हणून सातने भागशील, तर रोजच्या सहाही भरत नाहीत. पण त्यातले दोन दिवस तेल नव्हतंच ना? मग पाचने भाग. खरा खप रोज ८ आहे. त्या दोन दिवसांतही गिऱ्हाईक आलं होतं, ते समोरच्या दुकानात गेलं. बिलांत हे कधीच सापडत नाही. म्हणून गल्ल्याशेजारी एक छोटी वही ठेव आणि कुणी मागितलेली वस्तू नसली की तारखेसह तिथल्या तिथे टिपून ठेव.

आता ऑर्डर. एजन्सीचा माणूस मंगळवारी येतो, माल गुरुवारी पडतो. म्हणजे हातातला आणि आज मागवलेला माल मिळून पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत पुरायला हवा. ९ दिवसांच्या ७२ पिशव्या झाल्या. गाडी चुकली किंवा कुणाकडे कार्य निघालं, तर हाताशी असाव्यात म्हणून दोन दिवसांच्या १६ वर धर. झाल्या ८८. फळीवर ३० असतील तर ५८ हव्यात. पेटी १२ची, म्हणून ५ पेट्या सांग. हा हिशेब रोज हलणाऱ्या वीस-पंचवीस वस्तूंपुरताच कर, सगळ्या दुकानाचा करत बसू नकोस. पगाराच्या आठवड्याचा खप मात्र वेगळा धर. श्रावणाआधी साबुदाणा, भगर, शेंगदाण्यासाठी गेल्या श्रावणातली बिलं काढून बघ.

पडून राहणारा माल बहुतेक स्कीममधून येतो. ‘बारावर एक फुकट’ म्हणून मेयोनीजच्या १३ बाटल्या घेतल्यास. महिन्याला जातात २. मुदत सहा महिन्यांची, त्यातले दोन तुझ्याकडे पोचेपर्यंतच उलटलेले. उरलेल्या चार महिन्यांत ८ विकतील, ५ राहतील. एक फुकट मिळवायला पाच घालवल्या. तेव्हा घेण्याआधी उत्पादनाची तारीख वाच, आणि मुदत संपलेला माल परत घेणार का, हे बिलावरच लिहून घे.

खोकं आलं की मार्करने त्यावर महिना टाक. जुना माल पुढे, नवा मागे. दोन महिने उलटूनही खोकं फोडलेलं नसेल, तर मुदत संपायची वाट बघू नकोस. दीड महिना हातात असतानाच, तारीख दाखवून, खरेदीच्या भावात काढून टाक. सुटलेले पैसे तेलात घाल. तेलात मार्जिन कमी सुटतं खरं, पण पैसा आठवड्याभरात गल्ल्यात परत येतो.

येत्या मंगळवारी ऑर्डर द्यायच्या आधी फोन कर आणि वहीतल्या नोंदी वाचून दाखव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक