सुशीतला मासा किती थंड झाला होता, ते विचारा

मा. संपादक,
आता सोलापुरातही पोरं सुशी मागवायला लागलीत, खाऊ देत, पण त्यातला कच्चा मासा ताजा आहे म्हणजे सेफ आहे असं सगळे धरून चालतात ते चुकीचं आहे. समुद्री माशात अॅनिसाकिस नावाची बारीक, पांढरी, गुंडाळलेली अळी असू शकते, आणि मासा कालच पकडलेला असला तरी ती जिवंतच असते. पोटात गेली की काही तासांत भयंकर पोटदुखी, उलट्या, मग दुर्बीण घालून ती काढावी लागते. व्हिनेगर, वसाबी, लिंबू यानं ती मरत नाही.

मरते ती डीप फ्रीझिंगनं. अमेरिकेतला नियम आहे उणे 20 अंशाला 7 दिवस, किंवा उणे 35 ला कडक गोठवून त्याच तापमानात 15 तास. आपला घरचा फ्रीजर जेमतेम उणे 18 पर्यंत जातो, त्यात सारखं दार उघडणं, वर आपल्याकडची लाईट, आणि माशाचा जाड तुकडा आतून थंड व्हायला अजून वेळ लागतो, त्यामुळे घरी गोठवून कच्चा खाण्याच्या भानगडीत कृपया पडू नका. उजनीचा गोड्या पाण्यातला मासा तर कच्चा नकोच, त्यातले जंत वेगळे.

फ्रीझिंगनं बॅक्टेरिया मात्र मरत नाहीत, नुसते थांबतात, मासा वितळला की परत वाढतात. म्हणून हॉटेलवाल्याला दोन्ही विचारा, मासा किती तापमानाला किती दिवस ठेवला होता आणि वितळवून किती वेळ झाला.

– एक वाचक, सोलापूर