आधी दुपारची झोप बघ

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय वृषाली,

परवा रात्री अडीचला तुझा मेसेज आला, "ही आता पण टक्क जागी आहे आणि मी रडतेय." मी सकाळी वाचला आणि दिवसभर तोच डोक्यात राहिला. फोनवर धड बोलता येत नाही, तुझ्या मांडीवर बाळ आणि माझ्या कडेवर चिऊ. म्हणून सविस्तर लिहितेय. सलग वाचायला जमणार नाही, दूध पाजताना थोडं थोडं वाच.

आमची चिऊ बारशानंतर चार दिवसांनी, म्हणजे सोळाव्या दिवशी, अगदी तुझ्या लेकीसारखी होती. दिवसभर गाढ झोप आणि मध्यरात्री डोळे असे उघडे की जणू सकाळ झाली. रडायचीही नाही फार, नुसती ट्यूबलाइटकडे बघत राहायची. आई म्हणायची, हिची रात्र-दिवस उलटी झालीय. बाळाला मुळात रात्र-दिवस कळतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पोटात असताना रात्र झाल्याचा निरोप आईच्या रक्तातून जातो. अंधार पडला की आपल्या शरीरात मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं, ते नाळेतून बाळापर्यंत पोचतं. जन्मानंतर तो पुरवठा तुटतो आणि बाळाचं स्वतःचं घड्याळ चालू व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. शिवाय आपण दिवसा चालतो, वाकतो, तेव्हा पोटातलं बाळ झुलत झोपतं आणि आपण आडवं झालो की हातपाय हलवायला लागतं. आठवतंय ना, आठव्या महिन्यात रात्री झोपायला गेलीस की लाथा सुरू व्हायच्या? तीच सवय घेऊन ती बाहेर आलीय.

त्या दिवसांत मी एक जुनी वही घेऊन तीन दिवस तिच्या झोपेच्या वेळा लिहिल्या. यातला एक दिवस तुला देते. सकाळी पावणेआठ ते पावणेदहा झोप. मग मालिशवाल्या मावशी, मालिश, आंघोळ, दूध. अकराला जी झोपली ती थेट साडेतीनला उठली. संध्याकाळी पाच ते साडेसात, मग आठ ते साडेदहा. सव्वाअकरा ते पाऊण. पाऊण ते चार जागी. चार ते सात झोप. बेरीज केली तर सोळा तास. म्हणजे झोप कमी नव्हतीच, एवढ्या लहान बाळाला साधारण तेवढीच लागते. पण रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ती फक्त चार तास झोपत होती, आणि चोवीस तासांतली सगळ्यात लांब झोप होती आंघोळीनंतरची, साडेचार तासांची, भर दुपारी.

ते कागदावर दिसल्यावर मला कळलं की आपण रात्री एक वाजता तिला झोपवायला धडपडतोय, पण काम करायचंय दुपारी. त्या साडेचार तासांत तिचं एक दूध, कधी दोन, चुकत होतं. एवढ्याशा बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. दिवसा राहिलेलं दूध ती रात्री दर तासाला मागून भरून काढत होती. जागही त्यामुळेच आणि भूकही.

आंघोळीची वेळ बदलता आली असती तर बरं झालं असतं, पण मावशींची चार घरं ठरलेली, संध्याकाळी त्यांना जमेना. मग आंघोळ होती तिथेच ठेवली आणि झोप कापली. अकराला झोपली की दीड-पावणेदोनला उठवायचं. आईला हे अजिबात पटलं नाही. "झोपलेल्या बाळाला कुणी उठवतं का?" काकूही हेच म्हणतील. त्यांना सांग की पाजायला उठवतोय, खेळायला नाही.

आता उठवायचं कसं ते नीट सांगते, कारण पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं तळपाय चोळत बसले आणि ती ढिम्म. नंतर आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक खूण दाखवली. बाळाचा हात हळूच उचलायचा आणि सोडायचा. फडक्यासारखा लुळा खाली पडला तर ती गाढ झोपेत आहे, तेव्हा नादी लागू नये. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पापण्यांखाली बुबुळं फिरायला लागतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, बोटं उघडझाप करतात. ती हलकी झोप. तेव्हा दुपटं सोडायचं, लंगोट बदलायचा, ओल्या फडक्याने पाय पुसायचे आणि छातीशी उघड्या अंगाने धरायचं. त्या वेळी ती दोन मिनिटांत तोंड फिरवून दूध शोधायला लागते.

दुसरी गोष्ट खोलीची. तुझी खोली मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. खिडकीला चादर लावलीय, दार लोटलेलं, दिवसाही दिवा. आमचीही तशीच होती, बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून. त्या अंधारात तिला दुपार आणि मध्यरात्र सारखीच. आईशी भांडण्याऐवजी मी तोडगा काढला. काच बंद ठेवायची, चादर काढायची. वारं येणार नाही, उजेड येईल. सकाळी उठल्यावर अर्धा तास मी तिला खिडकीजवळ घेऊन बसायचे, थेट उन्हात नाही, नुसता लख्ख उजेड पडेल अशी. दिवसाच्या झोपा पुढच्या खोलीत. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, शेजारच्यांची हाक, काही थांबवायचं नाही. शेगडीचा शेक घेत असशील तर धुरी मात्र तिच्या खोलीत नको, एवढ्याशा छातीला तो धूर सोसत नाही.

रात्रीचं सांगताना मला थोडं स्पष्ट लिहावं लागेल. आमच्याकडे ती एकला जागी झाली की दिवा लागायचा, आई उठायची, बाबा उठायचे, कुणी टाळ्या वाजवी, कुणी "कोण जागं आहे गं?" म्हणे. सगळे प्रेमाने करत होते. पण बाळाला दिवसभरात सगळ्यात जास्त उजेड, सगळ्यात जास्त चेहरे आणि सगळ्यात जास्त गप्पा रात्री दीड वाजता मिळत होत्या. ते बंद केलं. झिरोचा पिवळा बल्ब कपाटामागे, म्हणजे नुसता अंदाज येईल इतका उजेड. मोबाइल पालथा. लंगोट, फडकी, पाण्याची बाटली झोपण्यापूर्वीच हाताशी. शी झाली असेल किंवा खूप भिजली असेल तरच लंगोट बदलायचा. बोलायचं नाही, डोळ्यांत डोळे घालून हसायचं नाही, आणि हे सगळ्यात अवघड आहे, कारण ती इतकी गोड बघत असते. पाजायचं, खांद्यावर धरून ढेकर काढायची, पाठीवर निजवायचं. जागीच असली आणि शांत असली तर तशीच राहू द्यायची, मी शेजारी अंधारात पडून राहायचे.

अजून एक चूक मी रोज करत होते. ती कण्हली, कुंथली, तोंड वाकडं केलं की मी लगेच उचलायचे. हलक्या झोपेत बाळं असे आवाज करतातच, आणि नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप हलकी असते. उचलून मीच तिला जागं करत होते. मग मी उचलण्याआधी मनात साठ अंक मोजायला लागले. निम्म्या वेळा ती चाळीसच्या आत परत शांत व्हायची. भूक असेल तर आवाज वाढतो, मूठ तोंडात जाते, मान इकडेतिकडे फिरते, तेव्हा मात्र रडेपर्यंत थांबू नकोस.

एका मामेबहिणीने सांगितलं की संध्याकाळभर जागी ठेव, दमून रात्री झोपेल. मी एक दिवस चार ते नऊ ठेवलं. त्या रात्री ती अकरा वाजेपर्यंत किंचाळत होती, पाठ मागे ताणत होती, दूधही घेईना. एवढं बाळ साधारण पाऊण तास ते तासभरच न दमता जागं राहू शकतं. त्यापुढे दमतं आणि दमलं की झोपत नाही. म्हणून दिवसा झोपू द्यायचंच, फक्त एकेक झोप तीन तासांपुढे जाऊ द्यायची नाही.

आणि हे कळकळीने सांगते. कुणीतरी जायफळ उगाळून द्यायला सांगेल, गुटीत थोडं वाढवायला सांगेल. आमच्याकडे सहाणेवर उगाळून वाटी समोर आली होती. देऊ नकोस. जायफळाने गुंगी येते, गुंगीतलं बाळ पीत नाही, आणि त्याचं किती प्रमाण विषारी ठरेल हे उगाळणाऱ्याला कळत नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, आणि मधाचं बोट तर वर्षभर नाही. दिवसा झोपणारं बाळ आणि सुस्त बाळ यांतला फरकही लक्षात ठेव. हलक्या झोपेतही उठवून उठेना, तोंडात धरून चोखेना, दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले, डोळ्यांत-अंगावर पिवळेपणा वाढतोय, किंवा ताप शंभर पूर्णांक चारच्या वर, तर वेळा बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे.

किती दिवस लागतील असं विचारलं होतंस. पहिल्या चार रात्री काहीच फरक पडला नाही, हे आधीच सांगते म्हणजे तू सोडून देणार नाहीस. मग ते तीन तासांचं जागरण हळूहळू अलीकडे सरकलं आणि आखडलं. पाचव्या आठवड्यात ते बारा ते एकवर आलं. नवव्या आठवड्यात ती दहाला झोपून दोनला उठली, पंचवीस मिनिटांत दूध पिऊन पुन्हा पाचपर्यंत झोपली. सलग रात्रभर नाही, आणि या वयात तशी अपेक्षाही नको. रात्रीचं पाजणं चालू राहणारच. तुझी लेक दिलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी जन्मलीय, तेव्हा माझ्या आठवड्यांत ते तीन मिळव.

या सगळ्यात तुझी दुपारची झोप जाईल, कारण दीडला तुलाच उठायचंय. त्याची भरपाई मी अशी केली. रात्री आठला पाजलं की बाळ आईकडे आणि मी साडेदहापर्यंत आतल्या खोलीत दार लावून. ते अडीच तास कुणालाही देऊ नकोस, भेटायला आलेल्या पाहुण्यांनाही नाही. काकूंना माझं नाव सांगून माग.

वही आजच सुरू कर, तीन दिवसांची पानं झाली की फोटो पाठव, कुठली झोप कापायची ते आपण दोघी मिळून बघू. काकूंना नमस्कार. चिऊ आता पाच महिन्यांची झालीय, हे लिहिताना दोनदा पेन ओढून झालं.

तुझी,
मेघा