‘अ समरी’ म्हणजे खोटी तक्रार नव्हे

दुचाकी चोरीच्या बंद झालेल्या तपासांबद्दलची बातमी वाचली. ‘अ समरी’ म्हणजे पोलिसांनी तक्रार खोटी ठरवली, असा समज तीवरून होतो; तो चुकीचा आहे. समरी म्हणजे तपास बंद करताना पोलिसांनी न्यायालयाला दिलेला अंतिम अहवाल. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, तर ‘अ’. जाणूनबुजून खोटी फिर्याद असेल तर ‘ब’ आणि गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली असेल तर ‘क’.

समरी पोलिसांची असली, तरी निर्णय न्यायदंडाधिकाऱ्यांचा असतो. अहवाल स्वीकारून प्रकरण बंद करण्याआधी फिर्यादीचे म्हणणे ऐकावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच भगवंत सिंग प्रकरणात सांगितले आहे.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतून शेजाऱ्यांची गाडी गेली. एफआयआर झाला, घटनास्थळाचा पंचनामा झाला आणि काही महिन्यांनी ‘अ समरी’वर म्हणणे मांडण्यासाठी न्यायालयाची नोटीस आली. विम्यासाठी कागद मिळतोय, म्हणून ते ‘हरकत नाही’ लिहून मोकळे होणार होते. पंचनाम्याची नक्कल पाहिली, तर समोरच्या औषध दुकानाच्या कॅमेऱ्याचा उल्लेख होता. चित्रण मात्र कोणी घेतलेच नव्हते. त्यांनी तेवढा एकच मुद्दा हरकतीत लिहिला आणि न्यायालयाने पुढील तपासाचा आदेश दिला. चित्रण तोवर पुसले गेले होते, ही गोष्ट वेगळी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कॅमेऱ्याच्या चित्रणाची चौकशी मात्र फिर्यादीने पोलिसांकडे त्याच्याही आधी, पहिल्याच आठवड्यात लेखी करावी.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, कोथरूड, पुणे