उंची वाढली ती बालपणात

महोदय,

उंची आनुवंशिक असते, हे एकेका माणसापुरते बरेचसे खरे आहे. देशाच्या सरासरीचे गणित मात्र वेगळे. दक्षिण कोरियात १८९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १४२ सेंटिमीटर होती, तर १९९६ मध्ये जन्मलेल्यांची सुमारे १६२. चार-पाच पिढ्यांत जनुके एवढी बदलत नाहीत. फाळणीनंतर उपासमार सोसलेल्या उत्तर कोरियातून आलेले निर्वासित दक्षिणेतल्या समवयस्कांपेक्षा बुटके आढळले. लोक तेच, बालपण वेगळे!

याचे श्रेय केवळ दूध-अंड्यांना देणे अपुरे वाटते. पहिल्या दोन वर्षांत हाडे झपाट्याने वाढतात. त्याच काळात बाळाला वारंवार जुलाब झाले, तर भूक मरते, आतड्याला सूज येऊन अन्न नीट शोषले जात नाही आणि उरलीसुरली ऊर्जा जंतूंशी लढण्यात जाते. तेव्हा खुंटलेली वाढ पुढे पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणून स्वच्छ पाणी, शौचालय, लसीकरण आणि गरोदर आईचे पोषण यांचा हिशेब उंचीत उतरतो.

अर्थात, हा हिशेब उशिरा कळतो. आज वीस वर्षांच्या तरुणांची सरासरी उंची दोन दशकांपूर्वीच्या आरोग्यव्यवस्थेबद्दल सांगते. आजच्या व्यवस्थेची परीक्षा घ्यायची असेल, तर दोन वर्षांच्या मुलांची वयानुसार उंची मोजावी. केवळ वजनावर भागवू नये, कारण खुंटलेले मूल वजनाने गुटगुटीत दिसू शकते.

– एक वाचक