यील्ड 2 टक्क्यांनी वाढले, तर रोखा खरोखर 25 टक्के पडतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या गुंतवणूक पानावर लिहिले होते की 30 वर्षांच्या सरकारी रोख्याचे ड्युरेशन साडेबारा असते, म्हणून यील्ड 2 टक्क्यांनी वाढले तर किंमत 25 टक्के पडेल. यील्ड म्हणजे आजच्या किमतीला रोखा घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा, आणि ड्युरेशन म्हणजे यील्ड एक टक्का हलले की किंमत उलट दिशेने साधारण किती टक्के हलते तो आकडा. सोमवारी सकाळीच दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकू ते पान हातात घेऊन आल्या. निवृत्तीच्या पैशातले 10 लाख त्यांनी अशाच रोख्यात घातले आहेत. "भाऊ, माझे अडीच लाख गेले म्हणायचे का हो?" त्यांचा आवाज कापत होता. बँकेच्या ट्रेझरीत माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हे पत्र.

काकूंच्याच रोख्याचे गणित मांडतो. कूपन, म्हणजे ठरलेले वार्षिक व्याज, 7 टक्के, ते मिळते सहामाही, किंमत 100, यील्ड 7 टक्के. मॉडिफाइड ड्युरेशन, म्हणजे वर सांगितलेलेच ड्युरेशन, 12.47 येते. यील्ड 9 टक्के झाले, तर नुसत्या ड्युरेशनने किंमत 75.06 निघते. पण साठही हप्ते आणि मुद्दल 9 टक्क्यांनी वटवून, म्हणजे आजच्या मोलात आणून, बेरीज केली की खरी किंमत 79.36 येते. म्हणजे 10 लाखांमागे तोटा साधारण 2 लाख 6 हजार. अंदाजात त्रेचाळीस हजारांची चूक झाली. यील्ड पाव टक्काच हलले असते, तर हीच चूक शंभर रुपयांमागे सात-आठ पैशांची असती आणि कोणाच्या लक्षातही आली नसती.

असे का होते? ड्युरेशन हा आकडा 7 टक्क्यांच्या जागी मोजलेला उतार आहे, आणि किंमतीची रेषा सरळ नसून वाकलेली आहे. यील्ड वाढत जाते तसे लांबच्या वर्षांच्या पैशाचे आजचे मोल जवळच्यापेक्षा वेगाने आटते, आणि ड्युरेशन स्वतःच कमी होत जाते. याच रोख्याचे ड्युरेशन 9 टक्क्यांवर 10.69 होते, 5 टक्क्यांवर 14.49. उताराचे हे बदलणे कॉन्व्हेक्सिटी, म्हणजे वक्रता, मोजते आणि अंदाजात दुसरे पद म्हणून येते:

ΔP/P ≈ −D × Δy + ½ × C × (Δy)²

इथे P ही किंमत, y हे यील्ड, D हे ड्युरेशन, C ही कॉन्व्हेक्सिटी, आणि Δ म्हणजे बदल. आपल्या रोख्याची कॉन्व्हेक्सिटी साधारण 251 आहे. 0.02 चा वर्ग 0.0004, त्याला 251 ने गुणून निम्मे केले की 5.02 टक्के येतात. उणे 24.94 मध्ये ते मिळवले की उणे 19.92, म्हणजे किंमत 80.08. वर्ग असल्यामुळे हे पद यील्ड चढो वा उतरो, अधिकच राहते. यील्ड 5 टक्क्यांवर आले तर ड्युरेशन 124.94 सांगते, दुरुस्तीनंतर 129.97 येते, आणि खरी किंमत 130.91 असते.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. चढत्या यील्डला दुरुस्त अंदाज 80.08 आणि खरी किंमत 79.36, म्हणजे दुरुस्तीने तोटा थोडा कमीच दाखवला. वक्रताही यील्डबरोबर बदलते आणि ते या दोन पदांत धरलेले नाही. म्हणून सावध माणसाने मोठ्या हालचालीला शेवटी पूर्ण किंमत काढूनच पाहावी. एक्सेलमध्ये PRICE हे फंक्शन त्यासाठीच आहे.

ट्रेझरीत नवी मुले हमखास चुकायची ती सहामाहीवरून वार्षिक करताना. ड्युरेशनला 2 ने भागायचे, पण कॉन्व्हेक्सिटीला 4 ने, कारण तिथे काळाचा वर्ग आहे. 2 नेच भागले तर 251 च्या जागी 502 येतात आणि किंमत 85 च्या वर दिसते. ती फसगत पकडायला सोपी आहे. वरची आणि खालची खरी किंमत मिळवा, मूळ किंमतीची दुप्पट वजा करा, आणि मूळ किंमत गुणिले यील्डबदलाचा वर्ग याने भागा. आपल्या उदाहरणात 79.36 अधिक 130.91 वजा 200, भागिले 0.04, उत्तर साधारण 257. मोठ्या पावलामुळे ते 251 पेक्षा थोडे जास्त आहे, पण 502 च्या आसपासही नाही. हेच गणित मुदतीपूर्वी परत बोलावता येणाऱ्या रोख्यांना मात्र लावू नये. यील्ड उतरल्यावर त्यांची वक्रता उलटी होऊ शकते.

इतकी मोठी हालचाल पुस्तकातलीच असते असेही नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. दीर्घ मुदतीचे यील्ड तेवढे चढले नाही, पण 2013 च्या उन्हाळ्यात दहा वर्षांचे यील्ड तीन-चार महिन्यांत सव्वासात टक्क्यांच्या खालून 9 च्या वर गेलेले आम्ही पडद्यावर पाहिले आहे.

काकूंना मी कागदावर दोन्ही आकडे लिहून दिले, आणि रोखा मुदतीपर्यंत ठेवला तर सहामाही व्याज ठरल्याप्रमाणेच येत राहील हेही सांगितले. तो कागद त्यांनी पासबुकात घडी करून ठेवला. त्या लेखातला 25 टक्क्यांचा आकडा येत्या रविवारी दुरुस्त करून छापावा, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे