ताई, त्या तक्त्यासाठी थँक्यू

ताई,
फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. आपलं दोन अंकी नाटक तालमीत उभं राहिलंय आणि सगळ्यात जास्त हशे त्यातला मामा घेतोय, त्याचं क्रेडिट तुझं.

माझ्याकडे मामाचं नुसतं "पावती घेतली का?" होतं. तू विचारलंस, शेवटी या पावतीचं होणार काय? मग आपण आधी शेवटच ठरवला, की खोट्या नावाने हॉलचा अ‍ॅडव्हान्स लाटणारा दलाल पकडला जातो, कारण मामाने त्याला चहाला वीस रुपये दिले तेव्हा पावती लिहून घेतली आणि पठ्ठ्याने सवयीने खरी सही ठोकली. तिथून उलटं येत तू कागदावर तक्ता आखलास, वर सगळे प्रवेश आणि डावीकडे रनिंग गॅग, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे विनोद, तेही तीनच, कारण दोन तासांत लोक त्याहून जास्त लक्षात ठेवत नाहीत असं तुझं म्हणणं.

पहिल्यांदा मामा फुकट मिळालेल्या कोथिंबिरीची पावती मागतो, आणि पाचेक मिनिटांत भटजींकडे दक्षिणेची, म्हणजे ही याची खोडच आहे हे लोकांना कळतं. तिसरी दलालाची, ती ऐन हशात टाकायची, लोक हसतात आणि हसण्याच्या नादात सही झाली हे विसरून जातात, आणि मला वाटतं अख्ख्या नाटकातली ही सगळ्यात भारी चोरी आहे. मध्यंतरात वडा खाऊन आलेला माणूस मात्र सगळंच विसरलेला असतो, म्हणून दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एक छोटी आठवण हवी. तिथे मामा बोलतच नाही, फक्त हात पुढे करतो आणि सूनबाई न बघता पर्समधून पावती काढून देते. त्यानंतर शेवटापर्यंत पावतीचं नाव नाही. मला मध्ये अजून दोन टाकायच्या होत्या, तू सरळ काट मारलीस 😄

वाचनाला तू सांगितलेली खूणही दिसली. लोक वाक्याच्या आधीच हसले तर गॅग रुजला, पण पुढच्या वेळी तेच वाक्य त्याच तोंडून आलं तर हशा येत नाही, म्हणून दरवेळी माणूस तरी बदलायचा नाहीतर प्रसंग. आणि ज्याला आधीचं आठवत नाही त्यालाही प्रसंग कळला पाहिजे, नुसत्या आठवणीवर उभा कॉलबॅक लंगडाच.

परवा दिग्दर्शक लांबीसाठी भटजींचा प्रवेश कापायला निघाले होते. तक्ता दाखवला, की हा गेला तर खोड बसायच्या आधीच दलालाची पावती येते आणि लोकांचं लक्ष थेट सहीवर जातं. त्यांनी मग शेजाऱ्यांचा प्रवेश कापला, त्याच्या रकान्यात काहीच नव्हतं.

रंगीत तालमीला ये गं, नक्की.