डब्यावर न लिहिलेले कॅफिन

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांपासून 500 मीटरच्या परिसरात जास्त कॅफिन असलेल्या एनर्जी ड्रिंकच्या विक्रीवर बंदी घालणारा आदेश काढला जाईल, असे राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत सांगितले होते. तेव्हापासून या विषयावर जे काही बोलले आणि लिहिले जाते ते बहुतेक सगळे कॅनभोवतीच फिरते. मी गेली अनेक वर्षे तालुक्याच्या गावात फिजिशियन म्हणून काम करतो आणि छातीत धडधड होते म्हणून येणाऱ्या तरुण मुलामुलींना रोज तपासतो. माझ्या अनुभवात कॅनपेक्षा अधिक गोंधळ करतात ते जिममधल्या काउंटरवर आणि ऑनलाइन मिळणारे पावडरचे डबे आणि वजन उतरवण्याच्या कॅप्सूल. कारण त्यांतले कॅफिन ‘ग्वाराना’ आणि ‘ग्रीन कॉफी एक्स्ट्रॅक्ट’ या नावांनी येते, आणि ही नावे वाचून आपण कॅफिन घेत आहोत हे घेणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वीस वर्षांचा, अठ्ठावन्न किलो वजनाचा, पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा आईबरोबर आला. रात्री अभ्यासिकेतून येऊन अंथरुणावर पडले की छातीत धडधडते, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि नंतरचा ठोका जोरात आदळतो, अशी त्याची तक्रार होती. नाडी मिनिटाला 112 लागली. ईसीजीत हृदयाची गती वाढलेली होती, पण ती नेहमीच्याच मार्गाने चाललेली होती. अधूनमधून मात्र वेळेआधी पडणारे, खालच्या कप्प्यातून निघालेले ठोके दिसत होते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम, साखर हे सर्व ठीक निघाले. चहा-कॉफी किती घेतोस, या प्रश्नावर त्याचे उत्तर अगदी प्रामाणिक होते : “सर, कॉफी मी घेतच नाही. चहा दोन वेळा.” आईनेही मान डोलावली. बहुतेक ठिकाणी चौकशी इथेच संपते आणि केसपेपरवर ‘टेन्शन’ असे लिहिले जाते.

दुसऱ्या दिवशी त्याला, घरात जे जे डबे आणि बाटल्या आहेत त्या सगळ्या पिशवीत घालून आणायला सांगितले. त्यातून दिवसाचा क्रम असा निघाला. साडेपाचला, उपाशीपोटी, वजन कमी राहावे म्हणून ग्रीन कॉफीच्या 400 मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल. त्यावर लगेच, 1600 मीटर धावण्याआधी, ‘प्री-वर्कआउट’ पावडरचा एक स्कूप. संध्याकाळी सहाला अभ्यासाला बसण्यापूर्वी एनर्जी ड्रिंकचा 250 मिलिलिटरचा एक कॅन. आणि दिवसभरात दोन चहा.

आता हिशेब मांडू. पावडरच्या डब्यावर एका स्कूपमध्ये 200 मिलिग्रॅम कॅफिन असल्याचे छापलेले होते, आणि कॅनमध्ये 75 मिलिग्रॅम. मुलाने स्वतः हिशेब केला असता तर तो 275 वर थांबला असता. परंतु त्याच डब्यावर त्याच्या खाली ‘ग्वाराना सीड एक्स्ट्रॅक्ट 500 मिलिग्रॅम’ अशी वेगळी ओळ होती. ग्वाराना ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातली वेल असून तिच्या बियांत कॉफीच्या बियांपेक्षा जास्त, म्हणजे साधारण 2 ते 6 टक्के कॅफिन असते. साधी बी दळून घातली असेल तर 500 मिलिग्रॅममधून 10 ते 30 मिलिग्रॅम कॅफिन मिळेल. पण बाजारात 22 टक्के कॅफिनपर्यंत घट्ट केलेला अर्कही सर्रास मिळतो, आणि तो असेल तर तेवढ्याच वजनातून 110 मिलिग्रॅम मिळेल. दोहोंपैकी कोणता, हे डब्यावर नव्हते. कॅप्सूलच्या बाटलीवर ‘क्लोरोजेनिक ॲसिड 50 टक्के’ असे मोठ्या अक्षरांत होते आणि कॅफिनविषयी एक अक्षर नव्हते. कॅफिन काढून टाकलेल्या ग्रीन कॉफी अर्कात ते 2 टक्क्यांपर्यंत उरते, न काढलेल्यात दहा टक्क्यांच्या आसपास असू शकते. म्हणजे दोन कॅप्सूलमधून 16 मिलिग्रॅमही येऊ शकतात आणि 80 ही. चहाचे किमान साठ धरले तर दिवसाची बेरीज 360 ते 525 मिलिग्रॅम होते. निरोगी प्रौढाने दिवसाला 400 आणि एका वेळी 200 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घ्यायला हरकत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये म्हटले होते. हा मुलगा पहाटे उपाशीपोटी, अर्ध्या तासात, कमीत कमी 226 आणि कदाचित 390 मिलिग्रॅम घेत होता आणि लगेच धावायला उतरत होता.

धडधड रात्री का होत होती, हेही याच हिशेबातून कळते. रक्तातले कॅफिन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. पहाटेचे थोडे आणि संध्याकाळच्या कॅनचे निम्मे मिळून, रात्री अकरा वाजता त्याच्या अंगात एक कप कॉफी नुकतीच प्यायल्याइतके कॅफिन शिल्लक होते. दिवसभराच्या गडबडीत न जाणवणारा चुकलेला ठोका डाव्या कुशीवर पडल्यावर स्पष्ट जाणवतो. त्यात झोप लागत नाही, पहाटे अंग जड वाटते, आणि तो जडपणा घालवायला पुन्हा स्कूप. शरीरातल्या ॲडेनोसिन नावाच्या द्रव्याने थकव्याचा निरोप मेंदूला पोचवायचा असतो; कॅफिन त्याच्या जागेवर बसून तो निरोप अडवते आणि सोबत ॲड्रेनलिन वाढवते. थकवा जात नाही, फक्त कळत नाही. काहींमध्ये तर कॅफिन निम्मे होण्याचा कालावधी आणखी लांबतो : गर्भनिरोधक गोळ्या चालू असलेल्या मुलींमध्ये कॅफिन जवळपास दुप्पट वेळ रेंगाळते, आणि जुलाब-लघवीच्या त्रासासाठी दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिननेही ते साचते. लग्नाआधी वजन उतरवण्यासाठी ग्रीन कॉफी घेणाऱ्या मुलीला, अशा गोळ्या चालू आहेत का, हे कोणी विचारलेले मला अजून आढळले नाही.

त्या मुलाला औषध असे काही दिले नाही. स्कूप आणि कॅप्सूल बंद, कॅन बंद, चहा सकाळचा एक, एवढेच. मात्र एक सूचना आवर्जून दिली : दुसऱ्या दिवसापासून डोके दुखेल, चिडचिड होईल, धावताना पाय उचलणार नाहीत, आणि हे आठवडाभर चालू शकते. ही सूचना दिली नाही तर मुले तिसऱ्या दिवशी डबा पुन्हा उघडतात, कारण एक स्कूप घेताच डोकेदुखी थांबते आणि ‘मला हे सोसते’ अशी त्यांची खात्री पटते. दोन आठवड्यांनी नाडी 78 होती आणि ईसीजीच्या लांब पट्टीवर वेळेआधीचा एकही ठोका नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कॅफिन हे विष नाही. रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्या निरोगी माणसाच्या हृदयाची लय त्यामुळे बिघडते असे मोठ्या पाहण्यांतून दिसत नाही. शिवाय प्रत्येक धडधड कॅफिनची नसते. धावताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, बटण दाबल्यासारखी अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी मिनिटाला 160-180 ची गती, किंवा घरात कोणाचा चाळिशीच्या आत अकस्मात मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर डबा बंद करून वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी ईसीजी काढावा. काही मुलांच्या हृदयात जन्मतःच विजेचा एक जादा मार्ग असतो, आणि तो पहिल्यांदा उघडकीला येतो तो अशाच एखाद्या पहाटे.

ग्रीन कॉफीने वजन उतरते या समजुतीचा उगमही वाचकांना माहीत असावा, कारण त्याचा धागा भारतात आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला आणि अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीने डोक्यावर घेतलेला तो प्रयोग बेंगळुरूत झाला होता, आणि त्यात माणसे होती अवघी सोळा. प्रयोग करणाऱ्याने सहभागी लोकांची वजने व इतर नोंदी वारंवार बदलल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2014 मध्ये ठेवला, प्रयोगाला पैसे पुरवणाऱ्या कंपनीने 35 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले, आणि त्याच वर्षी तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. निबंध मागे गेला. बाटल्या मात्र इथल्या दुकानांत अजून उभ्या आहेत.

आता मुद्दा नियमाचा. कॅफिनयुक्त पेयांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवली आहे, आणि ती मोजताना कॅफिन कोणत्याही स्रोतातून आलेले असो, एकूण धरायचे असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कॅनमध्ये ग्वाराना घातला तरी त्यातले कॅफिन बेरजेत येते. माझ्याकडे आलेल्या पावडरी आणि कॅप्सूलच्या डब्यांवर मात्र अशी बेरीज मला दिसलेली नाही. घातलेले शुद्ध कॅफिन एका ओळीत असते आणि वनस्पतीचा अर्क फक्त वजनाने दुसऱ्या ओळीत, किंवा सगळेच एखाद्या भारदस्त नावाच्या ‘ब्लेंड’मध्ये. ‘नॅचरल’ हा शब्द तेवढा ठळक असतो. शाळेभोवतीच्या 500 मीटरचा नियम यांना लागूच होत नाही, कारण हे डबे पानटपरीवर नव्हे, जिममध्ये किंवा कुरिअरने मिळतात.

तेव्हा मागणी साधी आहे. पेयांना लावलेली ‘कोणत्याही स्रोतातून’ ही मोजणी पावडर आणि कॅप्सूलनाही लावावी, आणि एका मात्रेत सर्व स्रोतांचे मिळून किती मिलिग्रॅम कॅफिन आहे हा एकच आकडा वेष्टणाच्या पुढच्या बाजूला छापणे बंधनकारक करावे. कॅफिन प्रयोगशाळेत मोजणे अवघड किंवा फार खर्चिक नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने भरतीच्या हंगामात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जिम आणि अकादम्यांजवळच्या दुकानांतून नमुने उचलावेत, आणि वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये कॅफिनबरोबरच, 2011 पासून देशात बंदी असलेले सिब्युट्रामिन हे वजन घटवण्याचे औषधही शोधावे. हृदयाची गती तेही वाढवते, आणि वजन घटवण्याच्या ‘हर्बल’ औषधांत ते चोरून मिसळल्याचे जगभर आढळले आहे. तपासणीचे निष्कर्ष उत्पादनाच्या नावासह प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे पिशवीतून आलेला डबा हातात घेऊन टक्केवारीचे अंदाज बांधण्याची वेळ आम्हा डॉक्टरांवर येणार नाही.

आपला,
एक फिजिशियन,
जि. सांगली